निवेदनातला एकच शब्द बदलताना: रूम टोन कुठून घ्यायचा आणि जोड कुठे द्यायचा

प्रश्न: लातूरला घरीच एका माहितीपटाचं निवेदन रेकॉर्ड केलं. एका वाक्यात एकच शब्द चुकलाय. तेवढा शब्द त्याच माइकवर पुन्हा बोलून चिकटवला, खाली रूम टोनचा ट्रॅकही टाकला, तरी तो शब्द वेगळा ऐकू येतोच. जोड कळू नये म्हणून काय करू?

उत्तर:

शब्द तुम्ही बहुतेक नीटच बोलला असाल. कान त्या शब्दाला अडखळत नाही, त्या शब्दाखालच्या खोलीला अडखळतो. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या मागे खोलीची एक बारीक घरघर सतत चालू असते. ती सतत आहे तोवर ऐकणाऱ्याला तिची जाणीवही होत नाही. पण ती अर्ध्या सेकंदासाठी वाढली, कमी झाली किंवा तिची जात बदलली, की ऐकणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण इथे काहीतरी झालंय एवढं त्याला लगेच कळतं. म्हणून आधी जुन्या खोलीची घरघर अखंड ठेवायची आणि मग तिच्यावर नवा शब्द बसवायचा. तुम्ही रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाची ही नुसती घरघर, टाकला हे बरोबरच केलं. तो किती लांब टाकला आणि नव्या शब्दाबरोबर आधीच आलेल्या घरघरीचं काय केलं, गडबड बहुधा तिथे आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमच्याकडे मूळ, काहीही प्रक्रिया न केलेली फाइल आहे का? निवेदनाखाली संगीत आधीच मिसळून एकच फाइल झाली असेल, तर खाली लिहिलेलं जवळपास काहीच जमणार नाही, कारण शब्द काढला की त्याच्याखालचं संगीतही जाईल. नॉइज रिडक्शन, कॉम्प्रेसर वगैरे लावलेली फाइल असेल तर ती बाजूला ठेवा आणि कच्ची फाइल शोधा. पॅच, म्हणजे दुरुस्तीचा नवा तुकडा, कच्च्या फाइलवर लावायचा आणि मग सगळं निवेदन एकदम त्या प्रक्रियेतून काढायचं. उलट क्रमाने केलं तर नव्या शब्दावर तीच सेटिंग्ज लावूनही परिणाम वेगळा येतो. कॉम्प्रेसर आवाजातले चढउतार कमी करतो आणि ते करताना आधीच्या आवाजाकडे बघून वागत असतो, आणि सुटा शब्द दिला तर त्याच्या आधी काहीच नसतं.

नुसती तत्त्वं सांगण्यापेक्षा मी केलेलं एक काम सविस्तर सांगतो. तुमचं प्रकरण त्याच्याशी बरंच जुळतं.

अंबाजोगाईच्या एका निवृत्त शिक्षकांनी वेरूळवरच्या एका छोट्या माहितीपटाला आवाज दिला होता. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. रेकॉर्डिंग मे महिन्यातलं, त्यांच्याच घरी, माळवदाच्या जुन्या खोलीत. भिंतींवर दोन वाकळा टांगल्या होत्या म्हणून खोली घुमत नव्हती, पण पलीकडच्या खोलीतला कूलर बंद करायला घरच्यांचा नकार होता. मे महिन्यात आपल्याकडे तो आग्रह धरणंही बरं नाही. म्हणून कूलरसकटच रेकॉर्ड केलं. घरघर साधारण उणे 52 डेसिबलला होती. संगीत येणारच होतं, त्यामुळे चालून गेलं.

जुलैमध्ये चूक सापडली. गुरुजींना म्हणायचं होतं, ‘वेरूळच्या सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात कारागीर वरून खाली कोरत आले.’ ते बोलून गेले होते ‘सहाव्या’. सोळावं लेणं म्हणजे कैलास, आणि वेरूळला 1 ते 12 ही लेणी बौद्ध आहेत. म्हणजे एका शब्दाने कैलास मंदिर थेट बौद्ध विहारांच्या रांगेत जाऊन बसलं होतं. दुरुस्ती टाळण्यासारखी नव्हतीच.

पहिल्यांदा मी फोनवरच गुरुजींना सांगितलं की तेवढा शब्द रेकॉर्ड करून पाठवा. तो आला आणि मी बसवला, तेव्हा तुम्हाला आलाय तोच अनुभव मला आला. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या बिघडल्या होत्या आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली गोष्ट चालीची. एकटा शब्द बोलायला सांगितला की माणूस तो यादीतल्या शब्दासारखा बोलतो. सुरुवातीला जोर देतो आणि शेवटी आवाज खाली आणून थांबतो. वाक्याच्या मधल्या शब्दाला मात्र पुढे जायचं असतं, त्याचा शेवट उघडा असतो. शिवाय शेजारच्या अक्षरांमुळे उच्चारही बदलतो. ‘सोळाव्या क्रमांकाच्या’ म्हणताना ‘व्या’ संपायच्या आतच जीभ ‘क’च्या तयारीला लागलेली असते. सुट्या ‘सोळाव्या’मध्ये ते घडतच नाही. म्हणून एका शब्दाचा पॅच हवा असला तरी रेकॉर्ड पूर्ण वाक्य करायचं. बोलणाऱ्याच्या हेडफोनमध्ये आधीचं वाक्य त्याच्याच आवाजात ऐकवायचं आणि त्याच ओघात त्याने पुढचं वाक्य बोलायचं. असे चार-पाच टेक घ्या. वापरायचा शेवटी एकच शब्द, पण तो वाक्यातून उचललेला हवा.

दुसरी गोष्ट अंतराची आणि खोलीच्या घुमण्याची. मे महिन्यात गुरुजी माइकपासून वीतभर अंतरावर बसले होते. फोनवर सांगून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ते चार बोटांवर आले होते. जवळ आलं की आपल्या नेहमीच्या कार्डिऑइड माइकवर आवाजाचा खर्ज फुगतो, आणि बोलण्याच्या तुलनेत खोलीचा वाटा कमी होतो. हा फरक व्हॉल्यूम खालीवर करून जात नाही. आवाज कमी केला तर खोलीही त्याच प्रमाणात कमी होते, दोघांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच राहतं. इक्वलायझरने खर्ज थोडा आवरता येतो, पण घुमणं आणता येत नाही. त्यामुळे अंतर मोजून तेच ठेवणं हाच खरा इलाज. वीत हे माप मला फार आवडतं, कारण बोलणाऱ्याचा हात त्याच्यासोबतच असतो. अंगठा हनुवटीला आणि करंगळी माइकच्या जाळीला लावून बघायचं, मग हात काढून बोलायचं.

घुमण्याचं कारण मला तिथे जाईपर्यंत कळलं नव्हतं. पावसाळा लागल्यावर गुरुजींच्या घरच्यांनी भिंतीवरच्या वाकळा उतरवून पेटीत ठेवल्या होत्या. माइक तोच, खोली तीच, बोलणारा तोच, पण भिंती उघड्या पडल्या होत्या. ‘सोळाव्या’नंतर आवाजाची एक छोटी शेपटी ऐकू येत होती आणि बाकीच्या निवेदनात ती कुठेच नव्हती. वाकळा परत टांगल्या आणि शेपटी गेली. तुम्ही ‘त्याच माइकवर’ असं लिहिलंय. त्या दिवशी खोलीत काय काय होतं तेही आठवून बघा: पलंगावरची गादी, उघडं कपाट, पडदे, सतरंजी.

तिसरी गोष्ट घरघरीची, आणि तुमचा मूळ प्रश्न इथे येतो.

जुलैमध्ये कूलर माळ्यावर गेला होता. आता ती मे महिन्यातली घरघर पुन्हा निर्माण करायची म्हटली तरी करता आली नसती, आणि तशी गरजही नव्हती. ती जुन्या फाइलमध्ये, गुरुजींच्या दोन वाक्यांच्या मधल्या थांब्यांत, जशीच्या तशी पडून होती. मला हवा होता तो शक्य तितक्या शांत खोलीत बोललेला नवा शब्द. त्याला खोली मी जुन्या फाइलमधून देणार होतो. हा क्रम नीट लक्षात घ्या. घरघर वर घालता येते, आवाजात मुरलेली घरघर स्वच्छ काढता येत नाही. त्यामुळे पॅच मूळ रेकॉर्डिंगपेक्षा शांत असलेला नेहमी चांगला.

किती शांत? दोन स्वतंत्र घरघरी एकावर एक ठेवल्या आणि दोन्ही सारख्याच जोराच्या असतील, तर बेरीज 3 डेसिबलने वाढते. हेडफोनवर शांत जागी हा फुगवटा ऐकू येतो. तुमच्या बाबतीत हेच घडलं असावं असा माझा अंदाज आहे: नव्या शब्दाची स्वतःची घरघर होतीच, तुम्ही तिच्याखाली आणखी एक टाकली. पॅचची घरघर मूळपेक्षा 10 डेसिबलने खाली असेल, तर बेरीज जेमतेम 0.4 डेसिबलने वाढते आणि ते कोणालाही कळत नाही. 6 डेसिबलचा फरक असेल तर वाढ 1 डेसिबलच्या आसपास जाते. तिथेही रूम टोन डेसिबलभर खाली घेऊन काम भागवता येतं. त्याच्या आत गेलात तर ओढाताण सुरू होते.

गुरुजींकडे शांतता मिळायला आम्ही लाइट जायची वाट बघितली. आपल्याकडे ती सोय अजून तरी भरवशाची आहे. लॅपटॉप बॅटरीवर, माइक यूएसबीचा. लाइट गेली की पंखा, फ्रिज आणि शेजारची पाण्याची मोटर एकाच वेळी गप्प. फक्त घरातला इन्व्हर्टर बंद केलाय ना हे बघा, नाहीतर त्याचीच भुणभुण वाक्यात येते. वेळ दुपारची ठेवली. आदल्या रात्री एक प्रयत्न केला होता तेव्हा रातकिड्यांनी घोटाळा केला. स्पेक्ट्रोग्रामवर वरच्या पट्टीत त्यांची सलग रेघ दिसत होती आणि ती अर्थातच मे महिन्याच्या फाइलमध्ये नव्हती. दुपारी लाइट गेल्यावर घरघर उणे 64 डेसिबलपर्यंत खाली आली. नव्या टेकमध्ये गुरुजींचा आवाज थोडा हळू होता, तो 2 डेसिबलने वाढवला, म्हणजे त्याच्यासोबत घरघरही उणे 62 झाली. मूळ उणे 52. बरोबर 10 चा फरक मिळाला. घरघरीचा हिशेब नेहमी असा आवाज जुळवून घेतल्यावर करायचा, आधी केलेला फसवतो.

आता रूम टोन. लोक त्यासाठी मिनिटभराची शांतता शोधत बसतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी मिनिटभर घेऊन ठेवलेली असेल तर उत्तमच, पण एका शब्दासाठी सेकंदही लागत नाही. गुरुजींचा ‘सोळाव्या’ 0.42 सेकंदाचा होता. दोन्ही बाजूंना जोडासाठी थोडी जागा धरली तरी 0.6 सेकंद पुरे. निवेदनातल्या दोन वाक्यांमधला थांबा साधारण पाऊण सेकंदाचा असतो. त्यातला शेवटचा भाग श्वासात जातो आणि सुरुवातीला आधीच्या शब्दाची शेपटी असते. हाताशी उरतो 0.3 ते 0.4 सेकंदाचा स्वच्छ तुकडा. असे दोन-तीन तुकडे 0.1 सेकंदाच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक विझत असतानाच दुसरा वर आणत, जोडले की काम झालं.

तुकडे चुकीच्या शब्दाच्या जवळपासचेच घ्या. मी पहिल्यांदा फाइलच्या शेवटी घेऊन ठेवलेला रूम टोन वापरला होता आणि तो जुळेना. तोवर तासभर उलटला होता, कूलरमधलं पाणी कमी झालं होतं आणि त्याचा सूर थोडा कोरडा झाला होता. चुकीच्या शब्दाच्या आधीच्या आणि नंतरच्या वाक्यातले थांबे घेतले तेव्हा लगेच जुळलं. दुसरं, एकच तुकडा दोनदा लावू नका. कूलरचा एक थेंब त्या तुकड्यात पडलेला असेल तर तोच थेंब त्याच सुरात दोनदा पडतो, आणि हे कान बरोबर पकडतो. तुकडा निवडताना हेडफोनवर आवाज बराच वाढवून तो एकटा ऐका. ओठांची चुटपुट, खुर्चीची करकर, लांबचा हॉर्न असलं काही सापडलं तर दुसरा थांबा बघा.

क्रॉसफेडचा आकार इथे महत्त्वाचा आहे. घरघरीचे दोन वेगळे तुकडे साध्या सरळ रेषेच्या क्रॉसफेडने जोडले तर जोडाच्या मधोमध पातळी 3 डेसिबलने खाली जाते, जणू घरघरीने क्षणभर श्वास रोखला. त्यासाठी इक्वल पॉवरचा, वर उचललेल्या वक्राचा क्रॉसफेड वापरा. तुम्ही Audacity वापरत असाल तर Crossfade Tracks मध्ये `Constant Gain` ऐवजी `Constant Power` चा पर्याय निवडा. तेच जर एकाच रेकॉर्डिंगचे हुबेहूब सारखे तुकडे एकमेकांवर जुळवत असाल तर उलटं आहे, तिथे सरळ रेषाच बरोबर. घरघर दर क्षणाला नवी असते, म्हणून तिला हा वेगळा नियम.

आता तुकडे बसवताना मांडणी अशी ठेवा. वरच्या ट्रॅकवर मूळ निवेदन, आणि चुकीचा शब्द कापून काढल्याने त्यात पडलेलं भोक. मधल्या ट्रॅकवर रूम टोन, त्या भोकाएवढाच. खालच्या ट्रॅकवर नवा शब्द. रूम टोन भोकाच्या बाहेर, मूळ निवेदनाच्या खाली पसरला तर तिथे मूळची घरघर आहेच, म्हणजे पुन्हा 3 डेसिबलचा फुगवटा. मूळ जिथे फेड होत जातं, नेमका तिथेच रूम टोन वर यायला हवा आणि मूळ परत सुरू होतं तिथे तो उतरायला हवा. ‘खाली रूम टोनचा ट्रॅक टाकला’ असं तुम्ही लिहिलंय. तो वाक्यभर किंवा पूर्ण निवेदनाखाली पसरला असेल तर आधी हेच दुरुस्त करा. सगळीकडे सारखीच घरघर वाढवली तरी भोकातली आणि बाहेरची पातळी सारखी होत नाही.

भोक कुठे पाडायचं, म्हणजे जोड कुठे द्यायचा, हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि तो भाषेवर अवलंबून आहे.

बहुतेक जण सुरुवातीला जोड शांत थांब्यात देतात, तिथे काही ऐकू येणार नाही असं वाटतं म्हणून. पण शांत थांब्यात घरघर उघडी असते, तिच्यातला बारीक फरकही तिथे झाकायला काही नसतं. मोठ्या स्वराच्या लगेच नंतर मात्र कान काही मिलिसेकंद हलके आवाज पकडू शकत नाही. जोड त्या आडोशाला द्यायचा. त्यातही क, ट, त, प अशा अक्षरांच्या आधी तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं. बोलणाऱ्याला हे जाणवत नाही, पण वेव्हफॉर्म मोठा करून बघितला की ‘क’च्या फुटण्याआधी 50 ते 80 मिलिसेकंदांची सपाट पट्टी दिसते. त्या पट्टीत आवाज जवळपास नाहीच, फक्त खोली आहे. मराठीत ही अक्षरं जागोजागी येतात, त्यामुळे जोडाला अशी जागा बहुतेक वेळा मिळतेच.

गुरुजींच्या वाक्यात उजवा जोड त्यामुळे सोपा होता. ‘सोळाव्या’नंतर ‘क्रमांकाच्या’. नव्या टेकमधला ‘व्या’ संपल्यावर, ‘क’ फुटायच्या आधीच्या सपाट पट्टीच्या मध्यावर मी नवा शब्द सोडला. तिथेच रूम टोन उतरवला आणि मूळ निवेदन परत आणलं. क्रॉसफेड 15 मिलिसेकंदांचा. ‘क’ फुटतो तो मूळचा, मे महिन्यातला.

डावा जोड अवघड होता. ‘वेरूळच्या’चा शेवट ‘आ’ने होतो आणि पुढे ‘स’. चुकीचा शब्द ‘सहाव्या’, बरोबर शब्द ‘सोळाव्या’, दोन्ही ‘स’नेच सुरू होतात. म्हणून मला वाटलं की जुना ‘स’ तसाच ठेवावा आणि पुढचा ‘ओळाव्या’ तेवढा जोडावा. बसवून बघितलं तर अगदी विचित्र लागत होतं. कारण साधं आहे, पण आधी सुचलं नव्हतं. ‘सो’ म्हणताना ‘स’पासूनच ओठ गोल होतात आणि त्या ‘स’ची शीळ खाली येते. ‘सहा’मध्ये ओठ गोल होत नाहीत आणि शीळ वर राहते. तुम्ही स्वतः आरशासमोर ‘सहा’ आणि ‘सोळा’ म्हणून बघा, स्वर येण्याआधीच ओठ बदललेले दिसतील. म्हणून ‘स’ पूर्णपणे नव्या टेकमधलाच घ्यावा लागला. जोड दिला तो ‘च्या’मधला ‘आ’ विझतो आणि ‘स’ची शीळ अजून वर आलेली नसते त्या अरुंद फटीत. ती फट जेमतेम 10-12 मिलिसेकंदांची होती, क्रॉसफेड 8 मिलिसेकंदांचा ठेवला. आधीचा ‘आ’ मोठा असल्यामुळे घरघरीचा जोड त्याच्या आडोशाला गेला.

ऐन स्वराच्या मधोमध जोड देऊ नका. म, न, य, र, ल, व यांच्या मधोमधही नाही. तिथे कंठाची थरथर चालू असते आणि दोन टेकमधली थरथर क्वचितच एका लयीत असते. क्रॉसफेड लांबवलात तर क्षणभर दोन माणसं एकदम बोलल्यासारखं वाटतं, आखूड ठेवलात तर बारीक टिचकी येते. तुमच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना नेमके असेच वर्ण असतील तर पॅच एका शब्दाचा ठेवण्याचा हट्ट सोडा. चांगल्या जोडाची जागा मिळेपर्यंत शब्द वाढवा, मग तो दोन शब्दांचा झाला तरी हरकत नाही. पूर्ण वाक्य रेकॉर्ड केलेलं असलं की ही मोकळीक आपोआप मिळते.

तपासायचं कसं, तर पहिल्यांदा नवा शब्द म्यूट करा आणि फक्त मूळ निवेदन आणि रूम टोन ऐका. ‘वेरूळच्या’ ऐकू यावं, मग जवळपास अर्धा सेकंद फक्त खोली, मग ‘क्रमांकाच्या’. त्या अर्ध्या सेकंदात खोली हलली, फुगली किंवा खचली तर दोष रूम टोनचा आहे, शब्दाशी त्याचा संबंध नाही. ही चाचणी पास झाली आणि शब्द परत चालू केल्यावर खटकलं, तर दोष शब्दाचा: चाल, अंतर किंवा घुमणं. दोष कुठे आहे हे असं वेगळं करता आलं की निम्मा वेळ वाचतो. नाहीतर माणूस रूम टोनचा व्हॉल्यूम खालीवर करत बसतो आणि खरी चूक अंतरात असते.

मग कॉम्प्रेसर, नॉइज रिडक्शन, जे काही तुम्ही नंतर लावणार असाल ते लावून पुन्हा ऐका. कॉम्प्रेसरनंतर आवाज वर उचलला जातो तेव्हा घरघरही सहज 6-8 डेसिबलने वर येते आणि आधी झाकलेला जोड उघडा पडू शकतो. शेवटचं ऐकणं स्क्रीनकडे पाठ करून करा, दहा सेकंद आधीपासून. रेघ जोडाकडे सरकताना दिसली की नसलेला दोषही ऐकू येतो. मी गुरुजींच्या मुलीला हेडफोन दिले आणि सांगितलं की या मिनिटात तीन दुरुस्त्या आहेत, शोधा. होती एकच. तिने दोन जागा सांगितल्या, दोन्ही गुरुजींच्या मूळ बोलण्यातल्या. ‘वडलांचा आवाज इथं जरा बसायलाय,’ म्हणाली, आणि ते तिचं खरंच होतं. पॅचजवळ ती थांबलीही नाही.

एक बारीक हिशेब राहतो. ‘सहाव्या’ 0.38 सेकंदाचा होता, ‘सोळाव्या’ 0.42 चा. म्हणजे पुढचं सगळं 40 मिलिसेकंदांनी सरकलं. चित्रपट्टी आधीच लागलेली असेल तर तेवढं पुढच्या थांब्यातून काढून घ्या, शांत भागातून, तिथेही इक्वल पॉवरच्या क्रॉसफेडने. शब्दालाच ताणून किंवा दाबून बसवू नका, स्वर लगेच धातूसारखे लागतात.

नवा शब्द बोलणारा माणूस उपलब्धच नसेल, तर तोच शब्द निवेदनात दुसरीकडे कुठे आलाय का शोधा. तो त्याच दिवशीचा, त्याच अंतराचा असतो, पण त्याच्यासोबत पूर्ण पातळीची घरघर असते. त्याच्याखाली रूम टोन अजिबात टाकायचा नाही, घरघर तो स्वतःच घेऊन येतो. चाल मात्र जुळेलच असं नाही, वाक्याच्या शेवटचा शब्द मध्ये बसत नाही.

आणि हे सगळं करून अर्ध्या तासात जमलं नाही तर माझा अनुभव सांगतो की पूर्ण वाक्य बदला, एका श्वासापासून पुढच्या श्वासापर्यंत. कंटाळा करू नका, वाक्य तर तुम्ही तसंही रेकॉर्ड केलेलं असेल. त्या वेळी वाक्याआधीचा श्वास नव्या टेकमधलाच घ्या. श्वास पुढच्या वाक्याचा असतो, मोठ्या वाक्याआधी माणूस मोठा घेतो. मागचा श्वास ठेवून नवं वाक्य लावलं तर दोघांचा मेळ बसत नाही.